माहितीपटात दिसणाऱ्या व्यक्तींची संमती आणि रिलीज फॉर्म : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान चमूने आणि मर्यादित पैशांत माहितीपट करणाऱ्यांसाठी, तसेच ज्यांच्यावर माहितीपट होत आहे त्यांच्यासाठीही, ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. नियम नुसते सांगितले की ते लक्षात राहत नाहीत, म्हणून शेवटपर्यंत एकच उदाहरण घेतले आहे. बीड जिल्ह्यातून दर हंगामात पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जाणाऱ्या, आणि तिशीच्या आतच गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्या एका स्त्रीवर माहितीपट होत आहे, असे समजू. ही स्त्री काल्पनिक आहे, परंतु तिची परिस्थिती काल्पनिक नाही: 2019 साली हा विषय राज्यभर चर्चेत आला आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. येथे दिलेले कायद्याचे संदर्भ भारतातील आहेत. चित्रपट वाहिनीला किंवा ओटीटी मंचाला विकायची वेळ आली, की सगळी कागदपत्रे वकिलाच्या नजरेखालून घालावीत.

संमती घेणे आणि रिलीज फॉर्मवर सही घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

होय, आणि बहुतेक वाद या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे होतात. संमती म्हणजे काय होणार आहे हे समजून, कोणताही दबाव नसताना दिलेला होकार. तो बोलण्यातून मिळतो, त्याला वेळ लागतो आणि तो चित्रीकरणाच्या काळात बदलूही शकतो. रिलीज फॉर्म हा करार आहे. माझी प्रतिमा, माझा आवाज आणि माझे बोलणे तुम्ही चित्रपटात वापरलेत तर त्याबद्दल मी तुमच्याविरुद्ध दावा करणार नाही, असे सही करणारी व्यक्ती त्यात निर्मात्याला लिहून देते.

म्हणजे हा कागद मुळात निर्मात्याच्या संरक्षणासाठी असतो. वाहिन्या, ओटीटी मंच आणि चित्रपटाचा विमा उतरवणाऱ्या कंपन्या तो मागतात. सहभागी व्यक्तीचे संरक्षण त्यात आपोआप नसते. ते मुद्दाम लिहावे लागते. भारतीय करार कायदा, 1872 नुसार जबरदस्तीने, गैरवाजवी प्रभावाखाली, फसवून किंवा चुकीची माहिती देऊन मिळवलेल्या संमतीवर उभा असलेला करार, ज्याची संमती अशी घेतली गेली त्या व्यक्तीला रद्द ठरवून घेता येतो. खरी संमती नसेल तर सही असलेला कागदही फारसा टिकत नाही, हे निर्मात्यानेही स्वतःच्या हितासाठी ध्यानात ठेवावे.

फॉर्म कधी पुढे करावा?

पहिल्या भेटीत करू नये, आणि मुलाखत संपल्यावर घाईघाईनेही करू नये. पहिल्या भेटीत करार पुढे आला की समोरची व्यक्ती सावध होते, किंवा शहरातून आलेल्या माणसांना नाही कसे म्हणावे या संकोचाने सही करून टाकते. शेवटी पुढे केला तर ती आधीच सगळे बोलून बसलेली असते, आणि नकार द्यायला तिच्याकडे खरी जागा उरलेली नसते.

आपल्या उदाहरणात मी असा क्रम सुचवेन. हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, त्यामुळे पहिली भेट त्याआधी तिच्या गावी, कॅमेरा न नेता व्हावी. चित्रपट कशावर आहे, तो कोण काढत आहे, पैसे कोणाचे आहेत आणि तो कुठे दाखवण्याचा विचार आहे, एवढे या भेटीत सांगावे. दुसऱ्या भेटीत फॉर्मचा मसुदा तिच्याकडे ठेवून यावे, म्हणजे घरातल्या किंवा गावातल्या विश्वासाच्या माणसाकडून तिला तो वाचून घेता येईल. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी, कॅमेरा लावण्यापूर्वी सही घ्यावी. संकलन पूर्ण झाल्यावर, तिच्या वाट्याचा भाग तिला दाखवून, दुसऱ्या एका छोट्या कागदावर पुन्हा होकार घ्यावा. पहिली सही होते तेव्हा चित्रपट अजून झालेलाच नसतो. आपण त्यात कशा दिसणार आहोत हे तिला माहीत नसते आणि खरे तर दिग्दर्शकालाही माहीत नसते. म्हणून माझ्या मते दुसरा कागद पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तोच सर्वांत जास्त वेळा राहून जातो.

मुकादमाने परवानगी दिली आहे. ती पुरेशी आहे का?

नाही. मुकादमाची परवानगी टोळीपर्यंत पोहोचण्यासाठी व्यवहारात लागते. परंतु दुसऱ्याच्या चेहऱ्याची, आवाजाची आणि आजारपणाची परवानगी तो देऊ शकत नाही. शिवाय कोयत्याने, म्हणजे जोडीने काम करणाऱ्या नवराबायकोने, त्याच्याकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते. जिच्या डोक्यावर त्याचे कर्ज आहे, ती स्त्री त्याच्या समोर चित्रीकरणाला नाही म्हणेल अशी अपेक्षा करणेच चुकीचे आहे. कायद्यात ज्याला गैरवाजवी प्रभाव म्हणतात, त्याच्या अगदी जवळ ही परिस्थिती जाते.

म्हणून सही घेताना मुकादम, कारखान्याचा माणूस किंवा गावातला पुढारी जवळ नसावा. नवऱ्याच्या बाबतीतही तोच विचार करावा. तो स्वतः चित्रपटात असेल तर त्याचा फॉर्म वेगळा असतो, आणि त्याची सही तिच्या फॉर्मवर चालत नाही. चमूतील एका स्त्रीने तिच्याशी एकटीशी बोलून घ्यावे, आणि “नाही म्हटलेस तरी काही बिघडणार नाही, आम्ही दुसऱ्या कोणाला विचारू आणि तू नकार दिलास हे कोणाला कळणार नाही,” हे शब्द प्रत्यक्ष उच्चारावेत. होकार दबावाखाली आहे की नाही हे ओळखण्याची एक खूण अशी की, एखाद्या लहान गोष्टीला तरी ती व्यक्ती नाही म्हणते का, हे पाहावे. “कोपीच्या आतले दाखवू नका” किंवा “सासूबाईंना विचारू नका” असे काही ती सांगत असेल, तर आपण ऐकले जात आहोत असे तिला वाटते आहे. प्रत्येक प्रश्नाला खाली बघून “चालेल” असे उत्तर येत असेल, तर त्या दिवशी सही घेऊ नये.

तिला वाचता येत नाही. अंगठा चालतो का?

चालतो. ज्याला सही करता येत नाही त्याने केलेली खूण कायदा सही म्हणून मानतो. मात्र अंगठा घेताना मजकूर वाचून दाखवला होता, हे पुढे सिद्ध करता आले पाहिजे. त्यासाठी चमूबाहेरचा एक साक्षीदार असावा आणि “मी हा मजकूर अमुक भाषेत वाचून व समजावून सांगितला” असे त्याने खाली लिहून सही करावी.

भाषेचा मुद्दा येथे महत्त्वाचा आहे. ऊसतोड कामगारांत बंजारा समाजाची कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत आणि घरात ती गोरमाटी बोलतात. मराठी त्यांना समजते. पण “उपपरवाना” किंवा “अहस्तांतरणीय” यांसारखे शब्द मराठी शाळेत शिकलेल्या माणसालाही समजत नाहीत. तेव्हा आधी फॉर्मच सोप्या मराठीत लिहावा, आणि गरज असेल तिथे तो गोरमाटीत सांगणारी व्यक्ती सोबत न्यावी. समजावून झाल्यावर “समजले का?” असे विचारू नये, त्याला उत्तर नेहमी होच येते. “हा चित्रपट कुठे दिसेल असे तुम्हाला वाटते?” असे विचारावे. “इथे गावात दाखवतील,” असे उत्तर आले आणि तुमचा विचार यूट्यूबचा असेल, तर पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागेल. मोबाइलवर एखादा व्हिडिओ लावून “तुमचे बोलणे असे, कोणालाही, कधीही दिसेल; तुमच्या माहेरच्यांनाही दिसेल,” असे दाखवले की बोलणे लवकर पोहोचते.

कॅमेऱ्यासमोर तोंडी संमती घेतली तर कागद लागतो का?

दोन्ही घ्यावे. चित्रीकरणाच्या सुरुवातीला व्यक्तीने स्वतःचे नाव, तारीख, विषय आणि आपल्या अटी स्वतःच्या शब्दांत सांगितल्या, तर तो उत्तम पुरावा असतो, आणि अंगठ्यापेक्षा तो पुष्कळ बोलका असतो. परंतु कलावंताचे हक्क किंवा कॉपीराइट दुसऱ्याकडे सोपवायचा असेल तर कायद्याला लेखी करार लागतो, आणि वितरक केवळ तोंडी संमतीवर सहसा समाधानी होत नाहीत.

फॉर्ममध्ये नेमके काय लिहावे?

एका पानात बसेल एवढेच लिहावे. आपल्या उदाहरणातील मजकूर साधारण असा होईल:

“मी या माहितीपटासाठी माझे चित्रीकरण आणि माझ्या आवाजाचे ध्वनिमुद्रण करण्यास परवानगी देते. माहितीपट ऊसतोड कामगार स्त्रियांच्या आरोग्यावर आहे आणि त्यात माझ्या शस्त्रक्रियेविषयीचे माझे बोलणे येणार आहे, हे मला सांगितले आहे. माझा चेहरा आणि पहिले नाव दाखवावे. माझे आडनाव, माझ्या मुलांचे चेहरे, आम्ही घेतलेल्या उचलीची रक्कम आणि दवाखान्याचे नाव दाखवू किंवा सांगू नये. माझे बोलणे लहान करता येईल, पण त्याचा अर्थ बदलेल असे जोडता येणार नाही. हे चित्रीकरण फक्त या माहितीपटासाठी आणि त्याच्या जाहिरातीसाठी वापरता येईल. दुसऱ्या चित्रपटाला, वृत्तवाहिनीला किंवा संस्थेला द्यायचे असेल तर मला पुन्हा विचारावे लागेल.”

याखाली चित्रपट कुठे दाखवता येईल याची ओळ, मुदत, माघार घेण्याची अट, दोन्ही बाजूंची नावे, तारीख, ठिकाण आणि दिग्दर्शकाचा सध्याचा दूरध्वनी क्रमांक असावा. निर्माता म्हणून संस्थेचे किंवा कंपनीचे नाव असेल, तर प्रत्यक्ष जबाबदार माणसाचे नावही लिहावे. फॉर्मच्या दोन प्रती कराव्यात आणि दोन्हींवर दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात.

काय दाखवायचे नाही, ही यादी प्रत्येकाची वेगळी असते. ती छापून नेता येत नाही, म्हणून त्यासाठी चार मोकळ्या ओळी ठेवाव्यात आणि त्या समोर बसूनच भराव्यात. या ओळी रिकाम्या असलेला फॉर्म दिसला, की संभाषण झालेच नसावे अशी शंका मला येते.

“सर्व माध्यमांत, संपूर्ण जगात, कायमस्वरूपी” असे लिहिणे आवश्यक आहे का?

वितरकाला ही ओळ हवी असते, कारण पाच वर्षांनी एखादी व्यक्ती हक्क संपल्याचे सांगू लागली तर संपूर्ण चित्रपट अडकतो. ती भीती खरी आहे. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 19 नुसार, हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरताच मानला जातो. हाच नियम गाणाऱ्या, वाजवणाऱ्या किंवा इतर प्रकारे सादरीकरण करणाऱ्या व्यक्तीच्या हक्कांनाही लागू होतो. त्यामुळे या दोन जागा रिकाम्या ठेवणे निर्मात्याला महागात पडू शकते.

परंतु ओळ आवश्यक असली तरी ती समजावून न सांगता लिहिणे योग्य नाही. “सर्व माध्यमे” म्हणजे चित्रपट महोत्सव, सिनेमागृह, दूरचित्रवाणी, ओटीटी, यूट्यूब, महाविद्यालयातील खेळ आणि अजून निघालेलीही नसलेली माध्यमे. हे मोकळे करून सांगितल्यावर तिचे उत्तर वेगवेगळ्या ठिकाणांसाठी वेगळे येऊ शकते. परदेशातील महोत्सवात दाखवायला तिची हरकत नसते, कारण तिथे तिला ओळखणारे कोणी नाही. बीडमधल्या केबल वाहिनीवर किंवा यूट्यूबवर दाखवण्याची मात्र तिला भीती वाटते, कारण तिथे सासर आणि माहेर दोन्ही बघतात. तसे असेल तर “यूट्यूबवर किंवा समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी मला विचारावे” अशी ओळ घालावी. तीन मिनिटांचे तुकडे समाजमाध्यमांवर टाकण्याचा विचार असेल तर तो आधीच सांगावा, कारण सलग चित्रपटात समजून घेतले जाणारे वाक्य सुट्या तुकड्यात फार वेगळे ऐकू येते.

इंटरनेटवर मिळालेला इंग्रजी नमुना भाषांतर करून वापरता येईल का?

न वापरलेला बरा. बहुतेक नमुने अमेरिकेतील असतात आणि वाद झाल्यास कॅलिफोर्निया किंवा न्यूयॉर्कचा कायदा लागू होईल, अशी ओळ त्यांत तशीच राहून जाते. तेवढेच असते तर हसून सोडता आले असते. खरी अडचण दोन कलमांची आहे.

पहिले कलम नुकसानभरपाईच्या हमीचे. या चित्रपटामुळे निर्मात्यावर कोणी दावा केला तर तो खर्च सही करणारी व्यक्ती भरून देईल, असे त्यात लिहिलेले असते. आपल्या उदाहरणात याचा अर्थ असा होतो की दवाखान्याने निर्मात्यावर बदनामीचा खटला भरला, तर वकिलाची फी ऊस तोडणाऱ्या स्त्रीने द्यायची. हे कलम कोणत्याही सहभागी व्यक्तीच्या फॉर्ममधून काढूनच टाकावे. तथ्ये तपासण्याची जबाबदारी निर्मात्याची आहे.

दुसरे कलम कोणत्याही कारणासाठी कधीही न्यायालयात न जाण्याचे. न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग पूर्णपणे बंद करणारा करार भारतीय करार कायद्याच्या कलम 28 नुसार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो. म्हणजे ते कलम निर्मात्याच्या उपयोगी पडत नाही आणि समोरच्याला मात्र घाबरवून ठेवते.

सहभागी व्यक्तीला पैसे द्यावेत का?

कराराला मोबदला लागतो, आणि मोबदल्याशिवायचा करार काही अपवाद सोडले तर भारतीय कायद्यात टिकत नाही. मोबदला पुरेसा असण्याची अट मात्र नाही, म्हणून अनेक फॉर्मांत नाममात्र रक्कम लिहिलेली असते. ती खरोखर द्यावी आणि मिळाल्याची सही घ्यावी. कागदावर रक्कम लिहून हातात काहीच न देणे ही कायद्याच्या दृष्टीने कमकुवत आणि माणुसकीच्या दृष्टीने वाईट पद्धत आहे.

त्यापलीकडे, तोडणीचा मोबदला टनावर मिळतो, त्यामुळे मुलाखतीत गेलेला अर्धा दिवस म्हणजे जोडीची बुडालेली मजुरी. ती भरून देण्यात गैर काही नाही. पैसे वेळेचे आहेत, बोलण्याचे नाहीत, हे स्पष्ट सांगावे आणि सही केली नाही तरी ते मिळतील असेही सांगावे. अधिक रडली किंवा अधिक सांगितले म्हणून अधिक पैसे असे कधीही होता कामा नये. आणि पैसे मुकादमाच्या हाती देऊ नयेत. ते उचलीत वळते होण्याची शक्यता मोठी असते.

मुले चित्रीकरणात येत असतील तर काय करावे?

18 वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार भारतात मुळातच निरर्थक असतो. 1903 पासून न्यायालयांनी हेच धरले आहे. म्हणून मुलांसाठी आईवडिलांची किंवा कायदेशीर पालकाची सही लागते. पण मुलालाही त्याच्या वयाला समजेल असे विचारावे. आई हो म्हणाली आणि मुलगी कॅमेऱ्यापासून तोंड लपवत असेल, तर मुलीचे ऐकावे.

ऊसतोडीच्या फडात याहून अवघड प्रश्न उभे राहतात. बारा-तेरा वर्षांचा मुलगा मोळ्या बांधताना दिसतो. हंगामाआधी लग्न झालेली एखादी मुलगी स्वतःचे वय सांगते आणि ते 18 च्या खाली असते. अशा वेळी चित्रीकरण हाच कुटुंबाविरुद्ध बालमजुरीचा किंवा बालविवाहाचा पुरावा होऊ शकतो. आईने स्वतः सही केलेली असली तरी तो धोका टळत नाही, कारण रिलीज फॉर्म फक्त सही करणारी व्यक्ती आणि निर्माता यांच्यातील असतो. पोलीस किंवा न्यायालय त्याने बांधले जात नाही. चित्रपटाला ते दृश्य आवश्यकच वाटत असेल तर ओळख पटणार नाही असे ते टिपावे आणि हा धोका आईवडिलांना स्पष्ट शब्दांत सांगावा. सांगितल्यावर त्यांनी परवानगी मागे घेतली, तर दृश्य सोडून द्यावे.

लैंगिक अत्याचार झालेल्या बालकाची ओळख तर कोणाच्याही सहीने उघड करता येत नाही. पॉक्सो कायदा, 2012 च्या कलम 23 नुसार त्यासाठी विशेष न्यायालयाची परवानगी लागते, आणि तीही बालकाच्या हिताची असेल तरच मिळते. यात नाव आणि चेहऱ्याबरोबर शाळा, शेजार, कुटुंब अशी ओळख पटवणारी प्रत्येक गोष्ट येते. प्रौढ पीडितेची ओळख उघड करण्यावरही भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार बंदी आहे. तिने स्वतः लेखी परवानगी दिली असेल तर अपवाद होतो. असा विषय असेल तर चित्रीकरणाआधीच वकिलाला भेटावे.

ती दवाखान्यावर आरोप करते आहे. तिची सही असल्यामुळे निर्माता सुरक्षित आहे ना?

नाही. तिने स्वतःचे हक्क सोडले आहेत, डॉक्टरांचे नाहीत. “गर्भाशय काढले नाही तर कॅन्सर होईल असे सांगून ऑपरेशन केले,” हे तिचे वाक्य दवाखान्याची पाटी दिसत असताना वापरले, तर बदनामीचा दावा निर्मात्यावर येऊ शकतो, आणि तिच्यावरही येऊ शकतो. ही दुसरी शक्यता तिला सांगितलीच पाहिजे. ती सांगितल्यावर अनेक जणी स्वतःच म्हणतात की नाव नको. मग पाटी, रस्त्यावरची खूण आणि फाइलवरचे शीर्षक दिसणार नाही याची काळजी संकलनात घ्यावी लागते. नाव दाखवायचेच असेल तर कागदपत्रांनी ते सिद्ध करण्याची तयारी हवी आणि डॉक्टरांना उत्तराची संधी द्यायला हवी.

तिची वैद्यकीय फाइल कॅमेऱ्यासमोर उघडण्यासाठीही वेगळी परवानगी घ्यावी. मुलाखतीला दिलेला होकार फाइलला लागू होतो असे गृहीत धरू नये.

चेहरा धूसर केला तर फॉर्म लागत नाही का?

लागतो. आवाज, चाल, अंगावरची साडी, कोपीसमोरची वस्तू, सोबत दिसणारी जाऊ, यांतल्या कशावरूनही जवळची माणसे ओळखतात, आणि तिला भीती असते ती जवळच्याच माणसांची. ओळख लपवण्याचे वचन द्यायचे असेल तर आवाज बदलावा, शक्य असेल तर दुसऱ्या व्यक्तीकडून बोलून घ्यावा, आणि पाठमोरे किंवा हातांचे चित्रीकरण आधीच ठरवून करावे. मूळ चित्रीकरणात चेहरा असेल तर तो कोणाच्या हाती पडू शकतो, याचाही विचार करावा. त्या फॉर्मवर खरे नाव असते, म्हणून असे फॉर्म बाकीच्यांपासून वेगळे, कुलपात ठेवावेत.

वजनकाट्यासमोरच्या गर्दीतील प्रत्येकाची सही घ्यायची का?

नाही. सार्वजनिक जागी ओघात दिसणाऱ्या माणसांची सही घेण्याची प्रथा नाही. मात्र कारखान्याचे आवार खासगी असते, त्यासाठी व्यवस्थापनाचे परवानगीपत्र लागते. आणि गर्दीतला एक चेहरा जवळून, ओळखू येईल असा बराच वेळ दाखवला, किंवा त्यावर निवेदनात काही म्हटले, की तो गर्दीचा भाग राहत नाही. त्याला विचारावे लागते. निवेदनात “कर्जबाजारी” हा शब्द येत असताना पडद्यावर कोणाचा तरी चेहरा असणे ही नेहमी घडणारी चूक आहे. तो माणूस कर्जबाजारी नसेलही.

ती काम करताना ओव्या गाते. त्यांचे काय?

गाणारी व्यक्ती कायद्याने कलावंत ठरते आणि तिला स्वतंत्र हक्क असतात. चित्रपटात ओवी वापरण्याची परवानगी फॉर्ममध्ये वेगळ्या ओळीत घ्यावी. तीच ओवी पुढे वेगळे गाणे म्हणून प्रसिद्ध करायची असेल तर नवा करार करावा आणि उत्पन्नातील वाटा लिहावा. ओवी पारंपरिक नसून तिने स्वतः रचलेली असेल, तर शब्दांचा कॉपीराइटही तिचाच असतो, म्हणून तसे आवर्जून विचारावे.

घरातला लग्नाचा फोटो दाखवायचा असेल तर, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा कॉपीराइट वेगळा करार नसेल तेव्हा काढून घेणाऱ्याचा असतो, त्यामुळे कुटुंबाची लेखी परवानगी सहसा पुरते. फोटोतील इतर माणसांना मात्र सांगून ठेवावे.

सही केल्यानंतर माघार घेता येते का?

फॉर्ममध्ये काय लिहिले आहे यावर बरेच अवलंबून असते. काहीच लिहिले नसेल तर निर्माता करारावर बोट ठेवतो, सहभागी व्यक्ती आपल्या खासगीपणाच्या हक्काचा आधार घेते, आणि निकाल लागायला वर्षे जातात. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केले आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, 2023 मध्येही दिलेली संमती मागे घेण्याची तरतूद आहे. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. मागे घेण्यापूर्वी झालेला वापर मात्र त्यामुळे बेकायदा ठरत नाही.

वाद टाळण्याचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे मुदत लिहिणे. मी अशी ओळ सुचवेन: “संकलन पूर्ण झाल्यावर माझा भाग मला दाखवला जाईल. त्यानंतर 15 दिवसांच्या आत मी त्यातील कोणताही भाग किंवा माझा संपूर्ण सहभाग काढण्यास सांगू शकते आणि त्याचे कारण देण्याची गरज नाही. त्यानंतर चित्रपट मागे घेता येणार नाही, हे मला समजले आहे.” यातील शेवटचे वाक्य गाळू नये. चित्रपट एकदा विकला गेला की इच्छा असूनही दिग्दर्शक तो परत आणू शकत नाही, हे सही करण्यापूर्वी कळण्याचा तिला हक्क आहे.

निर्मात्याला ही ओळ धोक्याची वाटते, कारण मुख्य व्यक्तीनेच माघार घेतली तर दोन वर्षांचे काम वाया जाईल. प्रत्यक्षात बहुतेकांना संपूर्ण माघार नको असते, एखादे वाक्य नको असते. आपल्या उदाहरणात तिने संकलित भाग पाहिला आणि “नवरा तेव्हा दवाखान्यात आलाच नाही” हे वाक्य काढायला सांगितले, असे समजा. चित्रपटाच्या आशयाला त्याने धक्का लागत नाही; तिच्या घरातला मोठा वाद मात्र टळतो.

संकलित भाग दाखवणे म्हणजे संकलनाचा अधिकार देणे होते का?

नाही, आणि हे आधीच सांगावे. चित्रपटाची मांडणी दिग्दर्शकाची असते. तिला आक्षेप घेता येतो तो तिच्याविषयीच्या चुकीच्या माहितीला, ठरलेल्या अटीच्या भंगाला आणि तिला अपाय होईल अशा भागाला. राजकीय पुढारी, कारखान्याचे संचालक किंवा अधिकारी यांच्या मुलाखतींना ही सवलत देऊ नये. आपल्या कामाबद्दल उत्तर देणे हे त्यांचे कर्तव्य आहे, आणि त्यांना बोलणे काढून टाकण्याचा अधिकार दिला तर चित्रपटच उरणार नाही. त्यांच्यासाठी साधा रिलीज फॉर्म पुरतो.

दाखवायला हंगामाच्या मध्यात जाऊ नये. एप्रिलनंतर टोळ्या गावी परततात. तेव्हा जावे, तिच्या घरी आणि फक्त तिने बोलावलेल्या माणसांसमोर दाखवावे.

फॉर्म कसे जपून ठेवावेत?

प्रत्येक फॉर्मला क्रमांक द्यावा आणि चित्रीकरणाच्या सुरुवातीला तो क्रमांक पाटीवर लिहून कॅमेऱ्यासमोर धरावा. फॉर्मवर “हिरवी साडी, कपाळावर गोंदण” असे वर्णन लिहावे किंवा त्या दिवशीचा फोटो जोडावा, कारण संकलकाला नावे माहीत नसतात आणि सहा महिन्यांनी कोणता फॉर्म कोणाचा हे कळेनासे होते. “काय दाखवायचे नाही” ही यादी संकलकाच्या टेबलावर वेगळी लिहून लावावी. अटी मोडल्या जातात त्या बहुधा त्या संकलकापर्यंत पोहोचतच नाहीत म्हणून. आधार कार्डाची प्रत घेऊ नये. तिची गरज नसते आणि ती सांभाळण्याची जबाबदारी मात्र वाढते.

मी एका माहितीपटात बोललो आहे, पण माझ्याकडे फॉर्मची प्रत नाही. काय करावे?

निर्मात्याकडे लेखी मागणी करावी. व्हॉट्सॲपवरचा संदेशही चालतो, फक्त तो पुसू नये. प्रत मिळाल्यावर चित्रपटाचा विषय, वापराची ठिकाणे आणि मुदत या तीन गोष्टी आधी पाहाव्यात आणि तुम्हाला सांगितले होते त्याच्याशी त्या जुळतात का हे ताडून घ्यावे. चित्रपट अजून प्रदर्शित झाला नसेल आणि काही भाग अडचणीचा वाटत असेल, तर नेमका कोणता भाग आणि का, हे ताबडतोब लिहून कळवावे. प्रदर्शनापूर्वी एक वाक्य काढणे संकलकाचे थोड्या वेळाचे काम असते. नंतर तेच काम न्यायालयातून करून घ्यावे लागू शकते. उत्तर मिळत नसेल आणि वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना तेथे विनामूल्य वकील मिळतो.